रोज संध्याकाळी दहा मिनिटं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री जेवणानंतर आपल्यापैकी सहा-सात जणींनी मला एकच प्रश्न विचारला. मुलगा पुण्याबाहेर, सून दुसऱ्या भाषेतली, नातवंडं इंग्रजी शाळेत. मराठी बोलतात थोडंफार, पण वाचत नाहीत. काय करायचं? मी बंगळुरात मुलांच्या वाचनालयात अठरा वर्षं काम करते आहे, त्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. आयोजकांनी मला 'वाचनसंस्कृती' असा विषय दिला होता. तो बाजूला ठेवून मी या प्रश्नाचंच उत्तर देते. बाईंनी रागावू नये.

आधी माझ्या घराबद्दल सांगते, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. माझे यजमान धारवाडकडचे, घरात कन्नड. सासूबाई आमच्याबरोबर राहायच्या, त्यांना कन्नडखेरीज मोडकंतोडकं हिंदी येई. शाळा इंग्रजी. खाली खेळायला गेलं की हिंदी. आणि मराठी बोलणारी घरात मी एकटी. मोठ्या मुलाच्या वेळी मी फार जोरात सुरुवात केली. आपल्या शाळेतल्यासारखी मुळाक्षरांची वही आणली, रोज अर्धा तास, एक पान गिरवायचं, मग बाराखडी. तिसऱ्या आठवड्यात तो मला बघितलं की पोट दुखतंय म्हणायला लागला. मग पाहुणे आले, मग परीक्षा आल्या आणि ते बंद पडलं ते कायमचं. तो आज सत्तावीस वर्षांचा आहे. मराठी समजतं, बोलतोही. तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली. तिनं त्याच्या नावानं वेळोवेळी पाठवलेली चौदा पोस्टकार्डं त्यानं जपून ठेवली होती. ती घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आई, वाचून दाखव ना." मी चौदाही वाचून दाखवली.

धाकटी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्या वेळी मी वही आणलीच नाही. रात्रीची दहा मिनिटं एवढंच ठरवलं. त्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं, ते मी आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट वेळेची. बारा ते सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक, पानावर एक-दोन वाक्यं, हे नुसतं वाचलं तर चार-पाच मिनिटांत संपतं. उरलेली पाच मिनिटं बोलण्याची. म्हणजे दहा मिनिटांत एकच पुस्तक, आणि मोठ्या गोष्टीचं एखादंच प्रकरण. आई-बाप बहुधा इथेच फसतात. पुस्तक मोठं निवडतात, मग पूर्ण करायच्या घाईत मूल काय म्हणतंय ते ऐकायचं राहून जातं. वेळ जेवण झाल्यावर, झोपेने डोळे मिटण्याआधीची. मी आधी अंथरुणात वाचायची, तर तिसऱ्या पानाला पोरगी झोपलेली. मग दात घासायच्या आधी, सोफ्यावर, असं केलं. दिवा चांगला हवा, आणि पुस्तक मुलाच्या मांडीवर हवं. आपल्या हातात असलं की ते आपलं होतं, पानं आपण उलटतो.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि बहुभाषक घरात खरी मेख इथेच आहे. कुठल्या भाषेत वाचायचं? मी आधी वारांचं वेळापत्रक केलं होतं. सोमवार-मंगळवार मराठी, बुधवारी कन्नड, असं. ते दोन आठवडेही टिकलं नाही, कारण यजमान बुधवारीच उशिरा यायचे. शेवटी एक साधा नियम उरला : पुस्तक ज्या भाषेत, त्या बैठकीची भाषा ती. आणि ज्याला ती भाषा मनापासून येते, त्यानं वाचायचं. मी मराठी, बाबा कन्नड. इंग्रजी शाळेत भरपूर होतं, म्हणून घरी आम्ही ते आठवड्यातून एखाद्याच दिवशी घेतलं. मराठीचं मात्र तसं नव्हतं. ती माझ्या तोंडून नाही आली तर तिला कुठूनच येणार नव्हती, म्हणून आठवड्यातले चार दिवस मराठीचे.

बैठकीची भाषा एक, पण मुलाची भाषा एक असलीच पाहिजे असं नाही. हे नीट ऐका. आपण मराठीत विचारलं आणि मुलानं इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये उत्तर दिलं, तर "मराठीत सांग" म्हणायचं नाही. पोरगी म्हणाली, "माऊ जंप केली." मी म्हणायची, "हो, माऊनं उडी मारली! कुठे बरं उडी मारली?" चूक दाखवली नाही, पण बरोबर वाक्य तिच्या कानावर पडलं, आणि पुढच्या प्रश्नात तोच शब्द परत आला. दोन-तीन दिवसांनी उत्तर आपोआप "टेबलावर उडी मारली" असं येतं. न आलं तरी घाई नाही. ऐकून समजणं आधी येतं, बोलणं त्यामागून, आणि त्यामधलं अंतर मुलागणिक वेगळं असतं.

आणखी एक मोह टाळायचा, तो म्हणजे ओळीओळीला भाषांतर करण्याचा. आई मराठीत एक वाक्य वाचते आणि लगेच इंग्रजीत सांगते. हेतू चांगला असतो. पण मूल हुशार असतं, ते सोप्या वाक्याची वाट बघत बसतं आणि मराठी वाक्य कानावरून जाऊ देतं. एखादा शब्द खरोखरच अडला, चित्रातूनही कळत नाही, तर तेवढा एक शब्द दुसऱ्या भाषेत सांगा आणि पुढे चला. दोन भाषांत छापलेली पुस्तकं मिळतात, चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची आहेत, तीही अशीच वापरायची. एका रात्री एक भाषा, आणि दुसऱ्या भाषेच्या ओळींवर एक कोरा कागद ठेवायचा. कागद मुलालाच ठेवू द्यावा, त्यात त्यांना मजा वाटते.

आता एक आठवडा प्रत्यक्ष सांगते. धाकटी तेव्हा साडेचार वर्षांची. पुस्तक एका छत्रीचं होतं. पावसात बाजारात विसरलेली छत्री, ती शोधत फिरणारी मुलगी आणि शेवटी ती छत्री भाजीवालीच्या टोपल्यावर धरलेली सापडते. चौदा पानं.

सोमवारी मी सरळ वाचून काढलं. काही विचारलं नाही. मुलाला गोष्ट कशी संपते ते कळलेलं असलं की पुढच्या वेळी चित्राकडे बघायला त्याला उसंत मिळते.

मंगळवारी तेच पुस्तक. आता चित्रात काय आहे ते विचारलं, पण नावं पाठ करून घेण्यासाठी नाही. "हिच्या टोपलीत काय काय आहे गं?" ती म्हणाली, "टोमॅटो, आणि हे ग्रीन." मी म्हटलं, "हिरवी कोथिंबीर. आपण परवा निवडली ना, ती." कोथिंबीर हा शब्द तिला त्या दिवशी मिळाला, कारण तिच्या बोटांना तो वास आधीच माहीत होता.

बुधवारी उघडे प्रश्न. "छत्री हरवली तेव्हा तिला काय वाटलं असेल?" "आईनं रागावलं असतं का?" याचं बरोबर उत्तर पुस्तकात नसतं, म्हणून मूल घाबरत नाही. प्रश्न विचारून मी गप्प बसायची. मनात पाचपर्यंत मोजायची. आपल्याला ती शांतता फार लांब वाटते आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. ज्या मुलाला दोन-तीन भाषांतून शब्द शोधायचा असतो, त्याला ते पाच आकडे हवेच असतात.

गुरुवारी मी वाक्याचा शेवट सोडून दिला. "आणि तिनं टोपलीवर पाहिलं, तर काय..." तिनं ओरडून सांगितलं, "छत्री!"

शुक्रवारी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि आजीला गोष्ट सांगायला पाठवलं. सासूबाईंना मराठी येत नव्हतं, त्यामुळे तिनं ती कन्नडमध्ये सांगितली. चार दिवस मराठीत ऐकलेली गोष्ट पाचव्या दिवशी कन्नडमध्ये बाहेर आली, कुणी भाषांतर शिकवलं नव्हतं. छत्रीला कन्नडमध्येही छत्री म्हणतात, पण सासूबाई म्हणायच्या 'कोडे'. पाऊस म्हणजे 'मळे'. पोरगी माझ्याकडे पळत आली आणि म्हणाली, "आई, अज्जी म्हणते मळ्यात कोडं पाहिजे!" आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायला आल्या. एकच आवाज दोन घरांत दोन अर्थांनी राहतो, हे साडेचार वर्षांच्या मुलीला त्या रात्री कळलं. तूप आणि तुप्पा, खुर्ची आणि कुर्ची हे तिनं मग स्वतःच शोधून काढले. पुढे महिनाभर तिचा तोच खेळ होता.

ज्यांना याचं शास्त्र हवं असेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते की अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली असं संवाद करत वाचण्याच्या पद्धतीवर काम प्रसिद्ध केलं. मूल काही बोलतं, आपण त्यात थोडी भर घालतो आणि मूल ते पुन्हा म्हणतं, हा त्याचा गाभा. आपल्या आज्या हे करतच होत्या, फक्त त्यांच्या हातात पुस्तक नसे.

एकच पुस्तक आठवडाभर वाचलं तर आपल्याला कंटाळा येतो, मुलाला येत नाही. तेच पुस्तक परत मागणं ही सगळ्यात चांगली खूण. वाक्य खेळताना ऐकू येणं ही दुसरी. बाहुलीला रागावताना तिच्या तोंडी पुस्तकातलं "अरेच्चा, असं कसं झालं!" आलं, तेव्हा मला कळलं की हे मुरतंय. बिघडतंय हे कसं ओळखायचं, तेही सांगते. मूल चित्राकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागलं, तर समजा की तुमचे प्रश्न परीक्षेचे झालेत. मग दोन दिवस काही न विचारता नुसतं वाचा. मूल पानं भराभर उलटायला लागलं, तर पुस्तक कठीण तरी आहे किंवा फार लहानांचं तरी आहे. आणि तुम्ही स्वतः घड्याळाकडे बघत असाल तर त्या दिवशी पाच मिनिटांवर थांबा.

आता अक्षरांकडे येते. साधारण सहाव्या वर्षी तिला शाळेत कन्नड लिपी सुरू झाली आणि मला भीती वाटली की आता मराठी वाचन संपलं. झालं उलटंच. आपली बाराखडी आणि त्यांचं 'कागुणित' यांची घडण एकच आहे. क ख ग घ हा क्रम तोच, अक्षराला काना-मात्रा लावायची कल्पना तीच. ज्या मुलाला एका भारतीय लिपीत ही किल्ली सापडते, त्याला दुसऱ्या लिपीत फक्त आकार शिकायचे राहतात. म्हणून तुमच्या नातवाला शाळेत हिंदी किंवा गुजराती असेल तर घाबरू नका.

मात्र काही जागा अडतातच, आणि त्या माहीत असल्या की आपला धीर सुटत नाही. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला 'अ' पूर्ण उच्चारतात, मराठीत तो गळतो. त्यामुळे ती 'घर' हा शब्द 'घर-अ' असा वाचायची, 'कमळ' म्हणजे 'कमळ-अ'. मी चूक काढली नाही. ती वाचून झाल्यावर मी नुसतं "हो, घर" म्हणायची. तोंडी मराठी तिला येतच होतं, त्यामुळे चार-सहा आठवड्यांत कानानंच ते सुधारलं. दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. ती लिहितो अक्षराच्या आधी आणि उच्चारतो नंतर. बोट ठेवून वाचणारं मूल तिथे हमखास थबकतं. अशा वेळी वेलांटी आणि अक्षर दोन्हींवर मिळून एकच बोट ठेवायचं. तिसरी गोष्ट 'च' आणि 'ज' यांची. 'चंद्र' आणि 'चांदोबा' यांत 'च' एकच लिहितात, पण उच्चार वेगळे. हिंदी शिकलेलं मूल 'चांदोबा' हा शब्द 'चंद्र'सारखा म्हणतं. त्याला नियम सांगू नका, तुम्ही 'चांदोबा' म्हणून दाखवा, बस्स. आणि 'ज्ञान' हा शब्द आमच्या घरात तीन जण तीन प्रकारे म्हणायचे. त्यावर आम्ही कधी निकाल लावला नाही.

मूल स्वतः वाचू लागलं की दहा मिनिटं वाटून घ्यायची. एक ओळ मी, एक ओळ तू. शब्द अडला तर तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगून टाका. "फोड करून वाच" असं प्रत्येक शब्दाला म्हणत बसलात की गोष्टीचा धागा तुटतो. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक आज तुम्ही वाचायचं, मुलानं ऐकायचं. ही हार नव्हे. मूल वाचायला लागलं म्हणून त्याला वाचून दाखवणं थांबवणं ही मात्र मोठी चूक. त्याला वाचता येतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट ऐकून समजते, आणि पुस्तकी मराठी, 'म्हणाली' आणि 'उत्तरली' आणि 'तेवढ्यात', ही त्याला स्वयंपाकघरात मिळत नाही.

काल कुणीतरी विचारलं, सुनेला मराठी वाचता येत नाही, तिनं काय करायचं? तिनं स्वतःच्या भाषेत वाचावं. तिची भाषा जितकी चांगली होईल तितकी मुलाची मराठीही सोपी होते, शत्रुत्व काही नाही. आणि तिला स्वतःची भाषा बोलता येते पण लिपी येत नाही, असंही शहरात खूप दिसतं. तिच्यासाठी शब्दांशिवायची, नुसत्या चित्रांची पुस्तकं घ्या. त्यात गोष्ट आपल्या भाषेत आपण रचायची असते. आजी-आजोबांनी फोनवर दहा मिनिटं वाचायचं असेल तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक तुमच्याकडे, एक नातवाकडे. पडद्यावर पान दाखवत बसलं की मूल पान न बघता तुमचं छत बघतं.

पुस्तकं कुठली? पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची लहान मुलांची पुस्तकं, माधुरी पुरंदरे यांची बहुतेक सगळी, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्तातली. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. तिथे एकच गोष्ट अनेक भारतीय भाषांत, पातळीनुसार, फुकट मिळते. आजोबांनी मराठीत आणि आईनं तमिळमध्ये तीच गोष्ट वाचायची असेल तर याहून सोपं काही नाही. शक्य असेल तर कागदावर छापून घ्या.

एक इशारा. दोन वर्षांचं मूल कुठल्याच भाषेत बोलत नसेल, तर "घरात भाषा फार आहेत म्हणून उशीर होतोय" असं म्हणून वाट पाहू नका. अनेक भाषांनी वाचादोष होत नाही. सगळ्या भाषांतले मिळून शब्द मोजा, ते फार कमी वाटले तर आधी कान तपासून घ्या आणि वाचातज्ज्ञाकडे जा. आणि दुसरं, दहा मिनिटांकडून भलती अपेक्षा ठेवू नका. माझी धाकटी आज मराठी सहज वाचते, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या नावानं आनंदच आहे. निबंध लिहायला लावला तर बाई, तुम्ही तिला नापास कराल. दहा मिनिटांत वाचन येतं, लेखन त्यानं येत नाही. त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि तो मी दिला नाही.

पण ती आठ वर्षांची असताना माझ्या आईचं एक पोस्टकार्ड आलं, तिच्या नावाचं. आईचं अक्षर वळणदार, शिरोरेघ लांबलचक, ओळी कार्डाच्या काठावरून वर चढलेल्या. तिला पहिल्या दोन ओळी लागल्याच नाहीत. छापील अक्षर आणि हाताचं अक्षर यांत फरक पडतो. मग मी एक ओळ वाचली, तिनं पुढची. तिसऱ्या ओळीत आईनं लिहिलं होतं की अंगणातल्या प्राजक्ताला या वर्षी फुलं फार आहेत. 'प्राजक्त' हे जोडाक्षर तिला फुटेना. पाच मोजून मी शब्द सांगितला. बाकीचं कार्ड तिनं एकटीनं वाचलं, सावकाश. मग ते घेऊन ती अज्जीकडे गेली आणि कन्नडमध्ये सांगितलं की त्या आजीकडे झाडाखाली सगळी फुलं पडलीत.

मंडळी, माझी दहा मिनिटं केव्हाच संपली. दाराजवळच्या टेबलावर मी दोन पिशव्या पुस्तकं आणून ठेवली आहेत. काही एकभाषक आहेत, काही दोन भाषांतली, आणि तळाशी चार नुसत्या चित्रांची आहेत. ज्यांची नातवंडं पाच वर्षांखालची आहेत त्यांनी आधी घ्यावीत. फोनवर वाचणार असाल त्यांच्यासाठी काहींच्या दोन-दोन प्रती रबर लावून ठेवल्या आहेत, त्या सुट्या करू नका.